मीटरचा भाव आणि मागाचा तास

माग उभा राहिला की चूल थंड पडते. यंत्रमागावर जगणाऱ्या घरांत ही गोष्ट मुलांना शाळेत जायच्या आधीच कळते. त्यामुळे मंदीच्या दिवसांत एखादा व्यापारी मोठे काम घेऊन दारात आला तर भाव थोडा कमी असला तरी कारखानदार ‘नाही’ म्हणत नाही. उभ्या मागापेक्षा चालता माग बरा, असे तो मनाला समजावतो. बहुतेक वेळा हे खरेही असते. पण कधी कधी मोठे स्वस्त काम उभ्या मागापेक्षा जास्त नुकसान करून जाते, आणि ते का झाले हे काम संपल्यावरही कळत नाही. कारण सगळे माग तर रात्रंदिवस चालू होते! मग पैसा गेला कुठे?

या प्रश्नाचे उत्तर मीटरच्या भावात सापडत नाही. ते मागाच्या तासात सापडते. ते कसे, हे इचलकरंजीच्या एका कारखानदाराच्या गोष्टीतून आम्ही सांगणार आहोत. ही गोष्ट एकाच माणसाची नाही. असा अनुभव घेतलेल्या अनेकांचे हिशेब त्यात एकत्र आले आहेत, म्हणून कोणाचे नाव दिलेले नाही. आकडेही डोक्यात बसावेत म्हणून गोल केले आहेत. वाचकाने आपल्या वहीतले आकडे त्या जागी घालून पाहावेत.

खर्चीवाल्याचा धंदा

इचलकरंजी हे कोल्हापूर जिल्ह्यातले पंचगंगेकाठचे शहर. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सगळे गावच मागाच्या खडखडाटावर जगू लागले. मालेगाव आणि भिवंडीप्रमाणेच इथल्याही कितीतरी मुस्लिम घरांची रोजी मागावर आहे. कोणी मालक, कोणी जॉबर, कोणी विणकर, तर कोणाच्या घरी बायका कांड्या भरतात.

आमच्या गोष्टीतले चाचा ‘खर्चीवाले’. म्हणजे माग त्यांचे, पण सूत त्यांचे नाही. व्यापारी ताण्याचे तयार बीम देतो, बाण्याचे सूत देतो, आणि विणलेले कापड घेऊन जातो. चाचांना मिळते ती फक्त मीटरमागे ठरलेली मजुरी. कापसाचा भाव चढला किंवा उतरला तरी त्यांचा थेट संबंध नाही. त्यांच्याकडे विकायला खरे म्हणजे एकच वस्तू आहे, ती म्हणजे आपल्या मागांचा वेळ. पण भाव मीटरवर ठरतो, बिल मीटरवर होते, गप्पाही मीटरच्याच होतात. त्यामुळे आपण वेळ विकतो आहोत याचा विसर पडतो.

चाचांकडे भाड्याच्या शेडमध्ये २४ साधे माग. दोन पाळ्या. जेवण, चहा, वीज जाणे वगैरे वजा करून दिवसाचे २० तास आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर एका मागाचे महिन्याला ५०० तास होतात. चोवीस मागांचे १२,००० तास. चाचांच्या दुकानात दर महिन्याला एवढाच माल येतो आणि तो साठवून ठेवता येत नाही. आज न विकलेला तास उद्या विकता येत नाही.

मोठे काम आले

ते दिवस मंदीचे होते. दोन जुने व्यापारी चाचांना नेहमी काम देत. दोघांचे मिळून १६ माग चालत. उरलेले ८ माग दीड महिन्यापासून उभे होते. मजुरी मात्र बरी होती, मीटरला ७ रुपये. विणकराची मजुरी, कांडी, चालत्या मागाची वीज, धोटा, पिकर, पट्टा, तेल असा मीटरबरोबर वाढणारा खर्च ३ रुपये. म्हणजे एका मीटरमागे ४ रुपये हातात राहत.

तेवढ्यात एक नवा व्यापारी आला. १ लाख २० हजार मीटर कापड, तीन महिन्यांत हवे, मजुरी ५ रुपये ७५ पैसे. त्याची एकच अट होती. सगळे २४ माग त्याच्याच कामाला लावायचे, तरच माल वेळेत होईल.

चाचांनी रात्री बसून हिशेब केला. पावणेसहातून तीन गेले, राहिले पावणेतीन. एक लाख वीस हजार मीटर गुणिले पावणेतीन, म्हणजे ३ लाख ३० हजार रुपये! इतकी रक्कम एका कामातून त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. जुन्या दोघांना त्यांनी नम्रपणे सांगितले, ‘शेठ, तीन महिने थांबा, मग पुन्हा तुमचं काम घेतो.’ आठ उभे माग साफ झाले, तेल पडले, आणि चोवीसच्या चोवीस माग सुरू झाले. शेजारचे कारखानदार म्हणाले, ‘चाचा, नशीब काढलंत.’

तीन महिन्यांचे काम पाच महिन्यांनी संपले. तोवर शेडचे दोन महिन्यांचे भाडे थकले होते, जॉबरचा पगार अर्धा दिला होता, आणि ईदच्या खरेदीसाठी बाजूला ठेवलेले पैसे विजेच्या बिलात गेले होते. चाचा आठ माग भंगारात काढायला निघाले. भंगारवाला येऊन वजनाचा भाव सांगूनही गेला.

वही उघडली

चाचांची मुलगी बी.कॉम.ला होती. तिच्या अभ्यासात परिव्यय लेखांकनाचा विषय होता आणि त्यात ‘मशीन अवर रेट’ म्हणजे यंत्राच्या तासाचा खर्च काढायचा एक धडा होता. ती म्हणाली, ‘अब्बा, माग विकण्याआधी एकदा मला हिशेब मांडू द्या.’

चाचा म्हणाले, ‘हिशेब काय मांडायचा, बेटा? भावच पडलेत.’

‘भाव पडलेत हे खरं. पण आपले आठ माग उभे होते तेव्हा महिन्याला एवढी ओढाताण नव्हती. सगळे चालू झाल्यावर जास्त कशी झाली?’

या प्रश्नाचे उत्तर चाचांकडे नव्हते. मुलीने दोन वह्या मागवल्या. एक दिवाणजींची खर्चाची वही. दुसरी जॉबरची, जिच्यात कोणता माग कधी आणि कशामुळे थांबला हे तो आपल्या सवयीने टिपून ठेवी. ‘बीम नाही’, ‘बाणा नाही’, ‘ताणा तुटतोय’ असे दोन-दोन शब्द. ही वही आजवर कोणी वाचलीच नव्हती.

पहिल्यांदा तिने असे खर्च वेगळे काढले, जे माग चालो वा न चालो, द्यावेच लागतात. शेडचे भाडे २४,००० रुपये. जॉबर आणि दिवाणजी यांचे महिन्याचे पगार ४६,०००. मागांची झीज आणि पुढे ते बदलायची तरतूद २०,०००. विजेचा स्थिर आकार, विमा, पाणी वगैरे ५,०००. आणि पाचवा खर्च तिने स्वतः घातला, घर चालवायला अब्बांचा पगार २५,०००.

चाचा म्हणाले, ‘माझा कसला पगार? मी तर मालक.’

‘तुम्ही दुसऱ्याच्या कारखान्यात काम केलं असतं तर त्यानं दिला असता की नाही? मग तो खर्चच आहे. तो धरला नाही तर तोटा होत असूनही नफा दिसेल, आणि घर मात्र चालणार नाही.’

बेरीज आली १ लाख २० हजार. तिला १२,००० तासांनी भागले. एका मागाच्या एका तासाला १० रुपये. हाच उभ्या मागाचा खर्च. माग एक तास उभा राहिला की खिशातून दहा रुपये जातात. पण ते दिसत नाहीत, कारण त्या तासाला कोणी बिल घेऊन येत नाही. ते महिनाअखेरीस भाड्यात आणि पगारात लपून जातात.

ज्यांच्या घरी माग नाही त्यांना दुसरे उदाहरण घेता येईल. येडगावहून नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणारा टेम्पो अंगणात उभा असला तरी त्याचा विमा चालू असतो, कर चालू असतो आणि गाडी दिवसेंदिवस जुनी होत असते. महिनाभर पगारावर ठेवलेल्या ड्रायव्हरचा पगारही चुकत नाही. डिझेल मात्र गाडी फिरली तरच लागते. मागाचेही असेच आहे. भाडे आणि पगार हा अंगणातल्या टेम्पोचा खर्च, आणि विणकराची मजुरी व चालत्या मागाची वीज हे डिझेल.

तासाला काय मिळाले?

पुढची पायरी महत्त्वाची होती. मुलीने मीटरमागची शिल्लक सोडून दिली आणि तासामागची शिल्लक काढली. त्यासाठी एका तासात किती मीटर कापड निघते हे कळायला हवे.

नेहमीचे कापड ५२ पिकांचे होते, म्हणजे लांबीच्या एका इंचात बाण्याचे ५२ धागे. एका मीटरमध्ये सुमारे ३९ इंच आणि थोडे वर. म्हणजे एका मीटरला जवळपास २,०५० वेळा धोटा इकडून तिकडे गेला पाहिजे. माग मिनिटाला १५० फेरे मारतो, तासाला ९,०००. कुठेही न थांबता चालला तर तासाला ४.४ मीटर कापड निघेल. पण माग थांबतो. धागा तुटतो, कांडी संपते, धोटा बदलावा लागतो. चांगल्या सुतावर शंभरातली सुमारे पंचाहत्तर मिनिटे चालला तर तासाला ३.३ मीटर निघतात. जुन्या दोन व्यापाऱ्यांच्या कामावर चाचांना एवढेच निघत होते.

आता जुने काम पाहा. तासाला ३.३ मीटर, मीटरमागे ४ रुपये शिल्लक. म्हणजे तासाला १३ रुपये आणि थोडे वर. उभ्या मागाचे दहा रुपये भागून तीन रुपये वर राहतात.

नव्या कामात मीटरमागे पावणेतीन रुपये. सगळे तसेच सुरळीत चालले असते तर तासाला साधारण ९ रुपये. म्हणजे दहा रुपयांपेक्षा एक रुपया कमी. चाचांनी ज्या ३ लाख ३० हजारांवर खुश होऊन काम घेतले, त्यासमोर तीन महिन्यांचा भाडे-पगाराचा बांधील खर्च ३ लाख ६० हजार होता. सर्व काही ठरल्याप्रमाणे झाले असते तरी हे काम ३० हजारांनी कमीच पडणार होते.

पण ठरल्याप्रमाणे झाले नाही. ते जॉबरच्या वहीत दिसत होते.

स्वस्त कामातले लपलेले उभे तास

पहिली नोंद पुन्हा पुन्हा येत होती, ‘ताणा तुटतोय’. मजुरीत काटकसर करणारा व्यापारी सुतातही काटकसर करतो. सूत कच्चे होते आणि सायझिंगची खळ नीट बसली नव्हती, म्हणून ताण्याचे धागे सारखे तुटत. धागा तुटला की माग थांबवून विणकराने तो शोधायचा, फणीतून ओवायचा, गाठ मारायची. एक विणकर सहा माग सांभाळतो. तो एका मागाचा धागा जोडत असताना दुसरा थांबला तर त्याला वाट पाहावी लागते. तिसराही थांबला तर दोघांना. त्यामुळे धागे थोडे जास्त तुटू लागले तरी उत्पादन थोड्याने नाही, बरेच घसरते. तासाला ३.३ मीटरचे २.५ मीटर झाले.

दुसरी नोंद, ‘बीम नाही’. व्यापारी एकच काम अनेक कारखान्यांत वाटतो आणि बीम येतील तसे देतो. चोवीस मागांचे बीम जवळपास एकाच वेळी चढले होते, त्यामुळे ते संपलेही जवळपास एकाच वेळी. मग कधी नवे बीम दोन दिवस उशिरा, कधी बीम आले तर बाण्याचे सूत नाही, कधी दोन्ही आले तर वहिफणीवाल्याकडे रांग. दोन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांचे काम असताना एकाचे बीम उशिरा आले तरी दुसऱ्याचे माग चालत. आता सगळेच एका माणसाच्या हातात गेले होते. वहीवरून हिशेब निघाला, वीस तासांतले सरासरी चार तास माग नुसते वाट पाहत उभे होते.

म्हणजे उभ्या मागांच्या भीतीने घेतलेल्या कामातच उभे तास भरलेले होते. फरक एवढाच, की आधी आठ माग उभे होते ते डोळ्यांना दिसत होते. आता चोवीस माग थोडे-थोडे उभे राहत होते, म्हणून दिसत नव्हते.

तिसरी गोष्ट वहीत नव्हती, ती विणकरांच्या तोंडी होती. विणकराला मजुरी मीटरवर मिळते. पूर्वी दहा तासांच्या पाळीत सहा मागांवर तो दोनशेच्या आसपास मीटर काढी. आता आठ तासांत अडीच मीटरप्रमाणे १२० मीटर निघू लागले. कष्ट मात्र वाढले. दोन विणकर सोडून गेले. बाकीचे टिकावेत म्हणून चाचांनी मीटरमागे २५ पैसे वाढवून दिले आणि ते योग्यच होते, कारण सूत खराब असण्यात विणकराचा काय दोष? पण त्यामुळे मीटरमागची शिल्लक पावणेतीनवरून अडीच रुपयांवर आली.

आता तासाचा हिशेब मांडा. चालत्या तासाला अडीच मीटर, मीटरमागे अडीच रुपये, म्हणजे सव्वासहा रुपये. पण वीस तासांत चालते तास सोळाच. सगळ्या वीस तासांवर पसरले तर तासाला ५ रुपये. खर्च दहा, मिळकत पाच. चोवीस माग चालू, खडखडाट चालू, आणि प्रत्येक तासाला प्रत्येक माग पाच रुपये घरातून ओढत होता. महिन्याला ६० हजार. पाच महिन्यांत ३ लाख.

मोठे होते म्हणून दुखले

चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे कमी भावाचं काम घ्यायचंच नाही?’

इथे घाईने ‘हो’ म्हणणे चूक ठरले असते. मुलीने तीन रकाने आखले.

पहिल्या रकान्यात तिने जुनी स्थिती लिहिली. १६ माग जुन्या कामावर, ८ उभे. सोळा मागांचे महिन्याला ८,००० तास, तासाला १३ रुपये, म्हणजे १ लाख ४ हजार. खर्च १ लाख २० हजार. महिन्याला १६ हजारांचा तोटा. मंदीत एवढी झळ बसणारच. ती चाचांच्या ‘पगारातून’ निघत होती, म्हणून घरात काटकसर होती, पण थकबाकी नव्हती.

दुसऱ्या रकान्यात जे घडले ते. चोवीसही माग स्वस्त कामावर. महिन्याला ६० हजारांचा तोटा.

तिसऱ्या रकान्यात जे करता आले असते ते. सोळा माग जुन्या कामावरच ठेवायचे आणि स्वस्त काम फक्त उभ्या असलेल्या आठ मागांवर घ्यायचे. आठ मागांचे ४,००० तास. तेच खराब सूत, तीच बिमांची वाट, तासाला तेच ५ रुपये धरले तरी २० हजार येतात. जुन्याचे १ लाख ४ हजार मिळवले की १ लाख २४ हजार. सगळा खर्च निघून ४ हजार वर. आणि सूत बरे निघून तासाला ९ रुपये पडले असते, तर २० हजार वर.

काम तेच, भाव तोच, व्यापारी तोच. आठ मागांवर घेतले असते तर घर सावरले असते, चोवीस मागांवर घेतले म्हणून बुडाले. कारण आठ माग तसेही काही मिळवत नव्हते. त्यांच्यासाठी पाच रुपये हे शून्यापेक्षा जास्त होते. पण सोळा माग तासाला तेरा रुपये मिळवत होते. त्यांना काढून पाच रुपयांच्या कामाला लावले, तेव्हा प्रत्येक तासाला आठ रुपये हातचे गेले. आठ हजार तासांचे महिन्याला ६४ हजार. उभ्या मागांनी मिळवलेले २० हजार त्यात कुठल्या कुठे वाहून गेले.

म्हणून खर्चीवाल्यासमोर काम आले की दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, या तासाला दुसरे काय मिळाले असते? माग उभाच राहणार असेल तर उत्तर शून्य, आणि मीटरबरोबरचा खर्च भागवून तासाला चार-पाच रुपये जरी उरले तरी ते काम घेण्यात शहाणपण आहे. दहा रुपये निघत नाहीत म्हणून ते नाकारणे चूक, कारण ते दहा रुपये तसेही जाणारच होते. दुसरा प्रश्न, वर्षभराची सरासरी दहाच्या वर जाते का? ती जात नसेल तर आज ना उद्या शेड रिकामी करावी लागणार. पहिला प्रश्न आजच्या कामाचा, दुसरा वर्षाचा. चाचांनी दोन्ही विचारले नव्हते. त्यांनी फक्त एकूण रक्कम पाहिली होती, आणि काम जितके मोठे तितकी एकूण रक्कम मोठी दिसते.

मोठ्या स्वस्त कामाचा आणखी एक तोटा रकान्यात मांडता येत नाही. जुन्या दोन व्यापाऱ्यांपैकी एकाने या पाच महिन्यांत दुसरीकडे माग बांधून घेतले. दुसरा परत आला, पण म्हणाला, ‘चाचा, त्याला पावणेसहाने दिलंत, मला सात का?’ बाजारात भाव लपत नाही. शेवटी तो साडेसहावर तयार झाला. हे अर्धा रुपया मीटरचे नुकसान ते स्वस्त काम संपल्यावरही चालूच राहिले.

आता काय करतात

आठ माग भंगारात गेले नाहीत. शेडमध्ये दोन गोष्टी मात्र बदलल्या.

जॉबरच्या वहीला आता चार रकाने आहेत. माग नंबर, किती वाजता थांबला, किती वाजता सुरू झाला, आणि कारण. दर जुम्याला त्यावरून दोनच आकडे काढतात. एका मागाला एका तासात किती मीटर पडले, आणि शंभर तासांतले किती तास माग वाट पाहत उभे राहिले. पहिला आकडा तीनच्या खाली गेला तर सूत आणि सायझिंग पाहायचे. दुसरा दहाच्या वर गेला तर व्यापाऱ्याला बिमांसाठी फोन करायचा. पाच महिने थांबायची गरज नाही, खराब काम दुसऱ्या आठवड्यातच ओळखू येते. चाचांच्या त्या कामातही पहिल्या पंधरवड्यातच अडीच मीटरचा आकडा दिसला असता, आणि निदान निम्मे माग जुन्या कामावर परत नेता आले असते.

दुसरा बदल बोलणीत झाला. कमी भावाचे काम आले की चाचा पहिल्यांदा किती माग रिकामे आहेत ते पाहतात आणि तेवढ्याच मागांचे काम मागतात. व्यापारी सगळे माग मागू लागला, तर चालत्या मागाचे तेरा रुपये भरून निघतील असा भाव सांगतात. पहिले दोन बीम नमुन्यादाखल विणून तासाचे मीटर मोजतात आणि मगच पक्के करतात. बीम उशिरा आले तर मागामागे रोजची काही भरपाई मिळावी, अशीही अट घालून पाहतात. ती फार थोडे व्यापारी मान्य करतात. पण जो ऐकून हसतो आणि जो विचार करतो, त्यांच्यात फरक असतो. बीम वेळेवर द्यायचा ज्याचा इरादा आहे, त्याला ही अट जड वाटत नाही.

या हिशेबाने सगळे प्रश्न सुटत नाहीत. संपूर्ण बाजारच बसला आणि चोवीसच्या चोवीस माग उभे राहिले, तर पाच रुपयांचे कामही घ्यावेच लागते आणि तोटाही सोसावा लागतो. तासाचा हिशेब मंदी घालवत नाही. तो एवढेच सांगतो, की कोणता तोटा मंदीने केला आणि कोणता आपण सही करून घरात आणला.

ज्या वाचकांच्या घरी माग आहेत त्यांनी एका संध्याकाळी भाडे, पगार, स्थिर आकार, झीज आणि स्वतःचा पगार यांची बेरीज करून ती मागांच्या महिन्याच्या एकूण तासांनी भागावी. एका पानाचा हिशेब आहे. येणारा आकडा आठ असेल, बारा असेल किंवा पंधरा. तो शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवावा, म्हणजे पुढचा व्यापारी मीटरचा भाव सांगेल तेव्हा त्याच्या मागे तासाचा भाव दिसेल.